रोधांची गणितं: प्रत्येक ओळीत एकक लिहीत सोडवलेली एक सरावपत्रिका

विद्युतधारा आणि रोध या धड्यातली सूत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि ती पाठ व्हायला वेळ लागत नाही. तरी सरावपत्रिका तपासताना त्याच तीन चुका पुन्हापुन्हा दिसतात. मिलिॲम्पिअरचे ॲम्पिअर करायचे राहतात. समांतर जोडणीत 1/R काढून तिथेच थांबलं जातं. आणि एका रोधातली धारा काढताना अख्ख्या बॅटरीचं विभवांतर घातलं जातं.

पहिल्या दोन चुका एकक लिहिलं की तुमच्या डोळ्यांसमोर उघड्या पडतात. तिसरी मात्र एककानं पकडली जात नाही, कारण तिथे व्होल्टला ओहमनं भागून ॲम्पिअरच येतात, फक्त ते भलत्याच व्होल्टचे असतात. तिच्यासाठी राशीला नाव द्यायची सवय लागते. खालची चार गणितं या दोन सवयी लावण्यासाठी निवडली आहेत. वही-पेन घेऊन सोबत लिहीत वाचा.

सुरुवात करण्याआधी पानाच्या वरच्या कोपऱ्यात एवढं लिहून ठेवा:

1 A = 1 C/s
1 Ω = 1 V/A
म्हणून A × Ω = V, आणि V/Ω = A

म्हणजे दर सेकंदाला एक कूलोम प्रभार वाहिला की धारा एक ॲम्पिअर. आणि एक व्होल्ट लावल्यावर ज्या रोधातून एक ॲम्पिअर धारा वाहते, तो रोध एक ओहम. या तीन ओळी डोळ्यांपुढे असल्या की कुठल्याही पायरीवर आलेलं एकक बरोबर आहे की नाही, हे लगेच ताडून पाहता येतं.

गणित पहिलं: प्रभार, वेळ, धारा

एका तारेतून २ मिनिटांत ९० कूलोम प्रभार वाहतो. तारेच्या दोन टोकांमधलं विभवांतर ६ व्होल्ट आहे. तारेतली धारा आणि तारेचा रोध काढा.

आधी दिलेल्या राशी एकाखाली एक लिहा, आणि सूत्रात जाण्याआधीच एककं सरळ करून घ्या.

Q = 90 C
t = 2 min × 60 s/min = 120 s
V = 6 V

दुसऱ्या ओळीत मिनिट वर आणि मिनिट खाली असल्यामुळे कटतं आणि सेकंद उरतात. हे काटाकाटीचं काम कागदावरच करा. गुणायचं की भागायचं, हा प्रश्न मग उरतच नाही, कारण चुकून भागलंत तर एकक min²/s असं विचित्र होतं.

I = Q/t = 90 C / 120 s = 0.75 C/s = 0.75 A

R = V/I = 6 V / 0.75 A = 8 V/A = 8 Ω

मिनिटांचे सेकंद न करता भागाकार केला असता तर 90 C / 2 min = 45 C/min आलं असतं. हे विधान खोटं नाही. तारेतून मिनिटाला ४५ कूलोम खरोखरच वाहतात. पण ते ॲम्पिअर नव्हेत. ज्यानं नुसतं ४५ लिहिलं, त्याचा हात पुढे सवयीनं A लिहून मोकळा होतो. ज्यानं C/min लिहिलं, त्याला तिथे थांबावंच लागतं.

गणित दुसरं: मिलि आणि किलो

४.५ किलोओहमच्या रोधकाला ९ व्होल्टची बॅटरी जोडली आहे. धारा किती?

R = 4.5 kΩ = 4.5 × 10³ Ω

I = V/R = 9 V / (4.5 × 10³ Ω) = 2 × 10⁻³ V/Ω = 2 × 10⁻³ A = 2 mA

थोडा सराव झाला की एक गोष्ट लक्षात येईल. व्होल्टला किलोओहमनं भागलं की थेट मिलिॲम्पिअर मिळतात, कारण छेदातला हजार वर येऊन हजारांश होतो. 9 V / 4.5 kΩ = 2 mA, एका ओळीत काम झालं. हा मार्ग बिनधास्त वापरा, पण तेव्हाही kΩ आणि mA ही एककं लिहाच. गडबड होते ती अर्धवट जोडीत. समजा २० ओहमच्या रोधातून २५० मिलिॲम्पिअर धारा वाहते आहे:

V = I × R = 250 mA × 20 Ω = 5000 mV = 5 V

इथे मिलि एकाच बाजूला आहे, त्यामुळे ते उत्तरात तसंच उतरतं. एकक गाळलं तर तेच उत्तर ५००० व्होल्ट असं लिहिलं जातं, आणि हे फारच वेळा होतं.

गणित तिसरं: एकसर आणि समांतर एकत्र

सरावपत्रिकेतलं मुख्य गणित हे. याला बाकीच्यांपेक्षा दुप्पट वेळ द्या.

१८ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली तार A या बिंदूला येते. A आणि B या बिंदूंमध्ये ८ ओहमचा रोध R₁ आहे. B पाशी वाट दोन शाखांत फुटते. एका शाखेत ६ ओहमचा R₂, दुसरीत १२ ओहमचा R₃. दोन्ही शाखा C या बिंदूला पुन्हा एकत्र येतात आणि तिथून तार बॅटरीच्या ऋण टोकाला जाते. प्रत्येक रोधातली धारा आणि प्रत्येक रोधाच्या टोकांमधलं विभवांतर काढा.

पहिली पायरी आकृतीची. पुस्तकात आकृती दिलेली असली तरी वहीत स्वतः काढा आणि तिच्यावर A, B, C ही अक्षरं लिहा. आता प्रत्येक विभवांतराला दोन बिंदूंचं नाव द्यायचं. बॅटरीचे १८ व्होल्ट A आणि C मधले, म्हणून ते V नव्हे, V_AC. R₁ वरचं V_AB. R₂ आणि R₃ दोघंही B आणि C मध्येच आहेत, म्हणून दोघांचं विभवांतर एकच, V_BC. धारांना रोधांचे क्रमांक द्या: I₂, I₃. R₁ मधून बॅटरीची पूर्ण धारा जाते, तिला नुसतं I म्हणू. हे नामकरण कंटाळवाणं वाटेल, पण पुढे त्याचं मोल कळेल.

दुसरी पायरी, समांतर जोडीचा परिणामी रोध:

1/Rₚ = 1/R₂ + 1/R₃
= 1/(6 Ω) + 1/(12 Ω)
= 2/(12 Ω) + 1/(12 Ω)
= 3/(12 Ω)
= 1/(4 Ω)

Rₚ = 4 Ω

Ω हे चिन्ह प्रत्येक ओळीत छेदात आहे, तिकडे नीट पाहा. शेवटून दुसऱ्या ओळीत ३ भागिले १२ करून ०.२५ लिहायचा मोह होतो आणि त्यापुढे सवयीनं Ω येतो. पण एकक सोबत वागवलं असेल तर ती ओळ 0.25 /Ω अशी होते. ओहम अजून खाली अडकलेला दिसतो, म्हणजे उलट करायचं राहिलं आहे.

‘समांतर जोडणीचा रोध सर्वांत लहान रोधापेक्षाही लहान असतो’ ही कसोटी सगळ्यांना माहीत असते. ती बरोबर आहे, पण इथे अपुरी पडते, कारण चुकीचं ०.२५ सुद्धा ६ पेक्षा लहानच आहे. म्हणून खालची मर्यादाही तपासा. समांतर जोडलेले सगळेच रोध सर्वांत लहान रोधाएवढे असते, तर परिणामी रोध त्या लहान रोधाला रोधांच्या संख्येनं भागल्याएवढा झाला असता. इथे 6 Ω / 2 = 3 Ω. खरा रोध त्याहून खाली जाऊच शकत नाही. तेव्हा उत्तर ३ आणि ६ ओहमच्या मध्ये पडायला हवं. ४ बसतं, ०.२५ बसत नाही.

दोनच रोध असतील तर गुणाकार भागिले बेरीज हा झटपट मार्ग आहे:

Rₚ = (6 Ω × 12 Ω)/(6 Ω + 12 Ω) = 72 Ω² / 18 Ω = 4 Ω

हाच मार्ग तीन रोधांना लावायला गेलात, तर वर Ω³ आणि खाली Ω, म्हणजे उत्तर Ω² मध्ये येतं. अशा एककाचा रोध नसतोच. तीन रोधांसाठी हे सूत्र का चालत नाही, हे वेगळं लक्षात ठेवायची गरज नाही. एकक लिहिलं की ते आपोआप कळतं. तीन असतील तर आधी दोघांचा परिणामी रोध काढा, मग त्याची तिसऱ्याशी जोडी लावा.

तिसरी पायरी. आता R₁ आणि Rₚ एकसर आहेत:

R = R₁ + Rₚ = 8 Ω + 4 Ω = 12 Ω

I = V_AC / R = 18 V / 12 Ω = 1.5 V/Ω = 1.5 A

संपूर्ण विभवांतराला संपूर्ण रोधानं भागलं, म्हणून संपूर्ण धारा मिळाली. तिन्ही ‘संपूर्ण’ आहेत, हे महत्त्वाचं.

चौथ्या पायरीत उलट दिशेनं परत यायचं. एकत्र केलेले रोध एकेक करून सुटे करायचे:

V_AB = I × R₁ = 1.5 A × 8 Ω = 12 V

V_BC = V_AC − V_AB = 18 V − 12 V = 6 V

I₂ = V_BC / R₂ = 6 V / 6 Ω = 1 A

I₃ = V_BC / R₃ = 6 V / 12 Ω = 0.5 A

तिसरी चूक होते ती नेमकी इथे. I₂ काढताना हात १८ कडे जातो: 18 V / 6 Ω = 3 A. एककांत काहीच वावगं नाही. पण नावं लिहिली असतील तर ओळ अशी दिसेल: I₂ = V_AC / R₂. R₂ तर B आणि C च्या मध्ये आहे आणि विभवांतर घेतलंय A आणि C मधलं. अक्षरं जुळत नाहीत. ओहमचा नियम वापरताना V, I आणि R ही तिन्ही एकाच रोधाची, किंवा एकाच रोधगटाची असली पाहिजेत. एवढी एक अट कसोशीनं पाळली तर मिश्र परिपथाची बहुतेक भीती जाते.

पडताळणी. B पाशी आलेली धारा आणि तिथून निघालेल्या धारांची बेरीज सारखी हवी:

I₂ + I₃ = 1 A + 0.5 A = 1.5 A = I

ती जुळली. ३ ॲम्पिअरचं चुकीचं उत्तर इथे आपटलं असतं, कारण बॅटरीतून निघतात दीड ॲम्पिअर, मग एका शाखेत तीन कुठून येणार? शिवाय धारांची वाटणीही पाहून घ्या. R₃ चा रोध R₂ च्या दुप्पट आहे, म्हणून त्यातली धारा निम्मी आहे.

आणखी एक पडताळणी मला फार आवडते, कारण ती सगळ्या रोधांना एकाच वेळी तपासते. शक्तीचं सूत्र P = V × I, आणि V × A = W. बॅटरी देते तेवढीच शक्ती रोधांत खर्च झाली पाहिजे.

बॅटरी: 18 V × 1.5 A = 27 W
R₁: 12 V × 1.5 A = 18 W
R₂: 6 V × 1 A = 6 W
R₃: 6 V × 0.5 A = 3 W
बेरीज: 18 W + 6 W + 3 W = 27 W

गणितात शक्ती विचारलेली नसली तरी ही बेरीज कोपऱ्यात करून पाहा. एखादी धारा किंवा एखादं विभवांतर चुकलं असेल तर ती सहसा जुळत नाही.

इथे उत्तरं सरळ आली, दरवेळी येतीलच असं नाही. Rₚ साठी २०/३ ओहम आलं तर पुढच्या पायऱ्यांत तो अपूर्णांकच वागवा आणि दशांश शेवटी करा. मधेच ६.७ घेतलंत तर शेवटच्या पडताळणीत थोडा फरक राहतो, आणि तो चुकीमुळे आहे की जवळच्या किमतीमुळे, हे कळत नाही.

गणित चौथं: आकृती फसवते तेव्हा

प्रत्येकी ६ ओहमचे तीन रोध एका रेषेत काढले आहेत. बिंदू डावीकडून A, B, C, D. पहिला रोध A आणि B मध्ये, दुसरा B आणि C मध्ये, तिसरा C आणि D मध्ये. वरून एक जाड तार A ला C शी जोडते आणि खालून दुसरी तार B ला D शी. A आणि D मधला परिणामी रोध काढा.

डोळा म्हणतो तिघं एकसर, म्हणजे १८ ओहम. पण डोळ्यावर जाऊ नका. नुसत्या तारेनं जोडलेले दोन बिंदू विजेच्या दृष्टीनं एकच असतात, कारण या गणितांत तारेचा रोध शून्य धरतो. म्हणून आकृतीत C खोडून तिथेही A लिहा, आणि D खोडून B लिहा. आता यादी करा:

पहिला रोध: A ते B
दुसरा रोध: B ते A
तिसरा रोध: A ते B

तिघांचीही टोकं त्याच दोन बिंदूंवर आहेत, म्हणजे तिघं समांतर.

1/Rₚ = 1/(6 Ω) + 1/(6 Ω) + 1/(6 Ω) = 3/(6 Ω) = 1/(2 Ω)

Rₚ = 2 Ω

समांतरची खरी ओळख हीच: दोन्ही टोकं सामाईक. आकृतीत रोध एकाखाली एक काढले आहेत की आडवे, याला अर्थ नाही. आणि एकसरची ओळख अशी की दोन रोधांच्या मधल्या बिंदूपासून तिसरी वाट फुटत नाही, त्यामुळे दोघांतून तीच धारा जाते. तिसऱ्या गणितात R₁ आणि R₂ एकसर नव्हते, कारण B पाशी R₃ ची वाट फुटते. पुष्कळ जण तिथे ८ आणि ६ ची बेरीज करून बसतात.

गणितातली बॅटरी आणि खरी बॅटरी

वरची सगळी उत्तरं दोन गोष्टी गृहीत धरून आली आहेत. एक म्हणजे रोध बदलत नाही. रोधकाचं तापमान फारसं बदललं नाही तर हे ठीक आहे, पण तंतूच्या बल्बला ते लागू पडत नाही. पेटल्यावर तंतू तापतो आणि त्याचा रोध थंड असतानाच्या कितीतरी पट होतो. दुसरं म्हणजे बॅटरीला स्वतःचा रोध नाही असं धरलं. खऱ्या बॅटरीला अंतर्गत रोध असतो, आणि गणितात तो r म्हणून दिला असेल तर घाबरायचं कारण नाही. तो बॅटरीशी एकसर जोडलेला आणखी एक रोध समजा.

तिसऱ्याच गणितात बॅटरीचा अंतर्गत रोध ०.५ ओहम आहे असं धरून पाहू. बाहेरचा रोध आधी काढलेला १२ ओहम.

I = 18 V / (12 Ω + 0.5 Ω) = 18 V / 12.5 Ω = 1.44 A

बॅटरीच्या आत खर्च होणारं विभवांतर: 1.44 A × 0.5 Ω = 0.72 V

V_AC = 18 V − 0.72 V = 17.28 V

आता V_AC म्हणजे १८ व्होल्ट राहिलेले नाहीत. बाहेरच्या बाजूनं ताडून पाहा: 1.44 A × 12 Ω = 17.28 V, जुळलं. पुढच्या पायऱ्या मघासारख्याच:

V_BC = I × Rₚ = 1.44 A × 4 Ω = 5.76 V

I₂ = 5.76 V / 6 Ω = 0.96 A

I₃ = 5.76 V / 12 Ω = 0.48 A

I₂ + I₃ = 0.96 A + 0.48 A = 1.44 A